मावसभावाच्या टेम्पोच्या कर्जाला जामीन राहतोय. सहीआधी फॉर्ममध्ये काय बदलून घेऊ?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ भाजीपाला वाहतुकीसाठी टेम्पो घेतोय. तालुक्याच्या एका पतसंस्थेने ६ लाख मंजूर केलेत. व्याज १४ टक्के, ६० हप्ते, हप्ता साधारण १३,९६० रुपये. टेम्पो तारण आहे, वर दोन जामीनदार हवेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, म्हणजे पगारदार, त्यामुळे पहिलं नाव माझंच निघालं.

मी बारावीपर्यंत मावशीच्या घरी राहून शिकलो. नाही म्हणणार नाही, हे ठरलेलं आहे. म्हणून 'सहीच करू नका' हा सल्ला कृपया देऊ नका. मला एवढंच विचारायचंय की सही करायचीच आहे तर कागदात काय बदलून घ्यावं, आणि पतसंस्था असे बदल करते तरी का?

काल फॉर्म घरी आणले. जामीनपत्र, वचनचिठ्ठी, सभासद होण्याचा अर्ज आणि पगारातून कपातीचं संमतीपत्र. जामीनपत्रात रकमेची जागा कोरी आहे. तीन वाक्यांवर माझी नजर अडली, ती जशीच्या तशी देतो:

'कर्जदाराकडून संस्थेस आज येणे असलेल्या व यापुढे येणे होणाऱ्या सर्व रकमांसाठी मी जामीन आहे.'

'संस्थेने कर्जदारास मुदतवाढ दिल्यास, कर्जाच्या अटी बदलल्यास अथवा तारण सोडल्यास माझी जबाबदारी कमी होणार नाही.'

'संस्था प्रथम कर्जदाराकडे न जाता थेट माझ्याकडून वसुली करू शकेल.'

रोखठोक
तिसऱ्या वाक्याला घाबरू नका. कायदा असा आहे की आधी कर्जदाराची मालमत्ता विकायची, तारण विकायचं, आणि तरी कमी पडलं तरच जामीनदाराकडे यायचं. छापील फॉर्ममध्ये काहीही लिहितात, कोर्टात टिकत नाही.

चहाबिस्कीट
माझ्या चुलत्यांनी एकाला जामीन दिला होता. तो तारखेला आलाच नाही, तेव्हा कोर्टाने चुलत्यांना नोटीस काढली होती. जामिनाची रक्कम भरायला लागली. भावाला सांगा, तारखा चुकवू नकोस.

कृष्णाकाठ
@चहाबिस्कीट, तो आरोपीचा जामीन, ताई. हा कर्जाचा आहे. भाऊ फक्त भाजी नेतो :)

चहाबिस्कीट
अरे देवा, घाईत वाचलं. पण भरावं जामीनदारालाच लागतं, एवढं मात्र तेच की!

मेणवली
@रोखठोक, हा समज इतका पसरलेला आहे की आधी त्याचंच बोलते. मी पतसंस्थांच्या वसुलीची प्रकरणं चालवते, कधी संस्थेकडून, कधी जामीनदाराकडून.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराच्या मागे उभी असलेली नाही, त्याच्या शेजारी उभी असलेली. बिहारच्या एका बँकेच्या प्रकरणात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की बँकेने आधी कर्जदाराकडची वसुली संपवून ये असं जामीनदाराला म्हणता येणार नाही. संकटात लगेच पैसे मिळावेत म्हणूनच तर जामीन घेतात. तेव्हा ते तिसरं वाक्य फॉर्ममध्ये नसतं तरी परिस्थिती तीच राहिली असती.

पण त्याच कलमात 'करारात वेगळं ठरलं नसेल तर' असे शब्द आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचं सगळं बळ त्या शब्दांत आहे. 'आधी टेम्पो विका, मग उरलेल्या तुटीपुरतं माझ्याकडे या' असं करारात लिहून घेतलंत, तर ते संस्थेवर बंधनकारक होतं. आपोआप मिळत नाही, लिहून घेतलं तरच मिळतं.

रोखठोक
ठीक आहे, आधी कर्जदार ही माझी चूक मान्य. पण नंतर जामीन काढून तर घेता येतो ना? संस्थेला पत्र द्यायचं की मी आजपासून जामीन नाही. माझ्या मित्राने असं पत्र दिलं होतं आणि संस्थेने घेतलंही होतं.

मेणवली
पत्र घेतलं म्हणजे पोच दिली. सुटका झाली असं नव्हे. चालू जामीन, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांना दिलेला जामीन, पत्र देऊन रद्द करता येतो, पण फक्त पुढच्या व्यवहारांपुरता. टेम्पोचे ६ लाख एकदा विक्रेत्याला गेले की त्या कर्जात 'पुढचा व्यवहार' उरतच नाही. तुमच्या मित्राचं खातं कॅश क्रेडिटचं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागतील तसे पैसे उचलायचं असेल तर मात्र पत्राचा उपयोग झाला असेल, पत्रानंतर उचललेल्या पैशांपुरता.

उसाचा मळा
कॅश क्रेडिटचा विषय निघालाच आहे तर माझं सांगतो, कारण कृष्णाकाठ यांच्या पहिल्या वाक्यानेच माझा घात केला.

गावातल्या दोस्ताचं खत-औषधांचं दुकान. २०१३ मध्ये त्याच्या २ लाखांच्या कॅश क्रेडिटला मी जामीन राहिलो. तो चांगला माणूस, आजही आहे. पहिली दोन वर्षं खातं व्यवस्थित चाललं. दर वर्षी नूतनीकरण व्हायचं आणि संस्थेचा शिपाई कागद घेऊन शेतावर यायचा, बांधावरच सही. मी एकदाही वाचलं नाही. मर्यादा २ ची ३, ३ ची ५ लाख झाली. माझ्या डोक्यात मात्र सगळा काळ दोनच लाख होते.

२०१८ ला दुकान बसलं. नोटीस आली ती ६ लाख ४० हजारांची. मी कागद घेऊन संस्थेत गेलो, म्हटलं मी दोन लाखांचा जामीनदार. त्यांनी माझ्याच पाच सह्या काढून दाखवल्या. त्या पहिल्या फॉर्ममध्ये 'यापुढे येणे होणाऱ्या सर्व रकमा' होतंच, आणि नूतनीकरणावर सह्या असल्यामुळे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येईना. सहकार निबंधकांकडून वसुली दाखला निघाला, सातबाऱ्यावर इतर हक्कांत बोजा चढला. पुढच्या वर्षी मला ठिबकसाठी कर्ज हवं होतं, ते त्या बोज्यामुळे अडलं.

शेवटी दोस्ताने घराशेजारची जागा विकली आणि आम्ही दोघांनी मिळून मिटवलं. माझे १ लाख ९० हजार गेले. तो अजून थोडे थोडे देतो. आम्ही बोलतो, पण पूर्वीसारखं नाही राहिलं.

कृष्णाकाठ, त्या वाक्यावर आडवी रेघ मारा आणि कर्जाचा नंबर, तारीख, रक्कम टाकून 'फक्त या कर्जासाठी' असं लिहून घ्या. उद्या भावाने त्याच संस्थेतून दुसरं कर्ज काढलं तर तुम्हाला कळणारही नाही.

गणिती
कोऱ्या रकमेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून आकडेमोड करून पाहिली. लोकांना वाटतं ६ लाखांचं कर्ज आहे, काही हप्ते फिटले की आपला धोका कमी होत जातो. तसं होत नाही.

समजा भावाने १४ हप्ते वेळेवर भरले. म्हणजे जवळपास १ लाख ९५ हजार रुपये दिले. तरी मुद्दल उरतं सुमारे ४ लाख ९५ हजार, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत निम्म्याच्या आसपास व्याजच असतं. इथे हप्ते थांबले. संस्था आधी फोन करते, मग नोटीस, मग दाखल्याचा अर्ज, सुनावणी, जप्ती. यात अडीच वर्षं गेली असं धरा. १४ टक्के व्याज आणि २ टक्के दंडव्याज सरळ धरलं तरी १ लाख ९८ हजार चढतात. येणं झालं ६ लाख ९३ हजार. वसुलीचा खर्च वेगळा.

म्हणजे पावणेदोन ते दोन लाख भरून झाल्यावर आणि सव्वा वर्ष नीट चालल्यावरसुद्धा जामीनदारावरचा बोजा मूळ कर्जापेक्षा मोठा. म्हणून 'रु. ६ लाख अधिक व्याज' असं लिहिणं ही मर्यादा नव्हे. मर्यादा लिहायची तर व्याज, दंडव्याज, खर्च सगळं धरून एकच आकडा लिहायला हवा.

निवृत्त व्यवस्थापक
मी ३१ वर्षं पतसंस्थेत काढली, त्यातली १२ व्यवस्थापक म्हणून. दुसरी बाजू मांडतो.

जामीनदाराने रक्कम निम्मी करा, तारण आधी विका, मुदतवाढ देऊ नका अशा सगळ्या अटी घातल्या तर संस्था त्या जामिनाला पूर्ण धरणार नाही. तिसरा जामीनदार मागेल किंवा कर्ज कमी करेल. ठेवी गावातल्याच निवृत्त माणसांच्या असतात, त्यांचे पैसे आम्हाला परत करायचे असतात. जामीनदाराची बाजू ऐकताना हे विसरू नये.

आता संस्था बदल करते का? छापील फॉर्म खोडून द्यायला शाखाधिकारी घाबरतो, आणि त्याला तो अधिकारही नसतो. तिथे वाद घालू नका. कर्ज उपसमितीच्या नावाने एक पानी पत्र द्या, त्यात तुमच्या अटी लिहा आणि त्या मंजुरीपत्रात घ्यायला सांगा. उपसमितीने ठरावात घेतलं की शाखाधिकारी निर्धास्त होतो. माझ्या काळात एका कर्जाला बांधून जामीन द्यायला आम्ही कधी नाही म्हटलं नाही. दोन जामीनदारांत रक्कम वाटून द्यायला तीन-चारदा हो म्हटलं. 'आधी तारण विका' याला एकदाही नाही, कारण वाहन जप्त करायला गेलं की ते सापडत नाही, आणि तोवर जामीनदाराला हात लावता येणार नाही म्हटल्यावर आम्ही बसायचं कुठे?

मेणवली
@निवृत्त व्यवस्थापक, तुमचा मुद्दा रास्त आहे. म्हणून मी अशिलांना मधला मार्ग सुचवते: थकबाकीची लेखी सूचना दिल्यापासून ९० दिवस संस्थेने टेम्पो ताब्यात घ्यायचा प्रयत्न करायचा, त्यानंतर जामीनदाराकडे यायला मोकळीक. गाडी नाहीच सापडली तरी संस्था कायमची अडकत नाही. याला बऱ्याच संस्था तयार होतात.

आता कृष्णाकाठ यांचं दुसरं वाक्य. माझ्या मते चारही कागदांत सगळ्यात घातक तेच आहे, आणि लोक नेमकं त्यावरूनच पुढे जातात.

कायद्याने जामीनदाराला काही संरक्षणं दिलेली आहेत. तुम्हाला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर तुम्ही पुढच्या व्यवहारांतून सुटता. कर्जदाराशी परस्पर तडजोड केली, त्याला करार करून मुदत वाढवून दिली, तरी सुटता. आणि संस्थेने तारण गमावलं किंवा तुमच्या संमतीशिवाय सोडलं, तर तारणाच्या किमतीइतके तुम्ही सुटता. हे शेवटचं कलम १४१. त्यावर मध्य प्रदेश सरकारचं एक प्रकरण १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. जंगलाच्या ठेकेदाराने हप्ता भरला नाही, आणि पैसे येईपर्यंत लाकूड अडवून ठेवायचा हक्क असताना सरकारी अधिकाऱ्यांनी ते नेऊ दिलं. नंतर सरकार जामीनदाराच्या दारात आलं. न्यायालयाने जामीनदाराला सोडवलं, कारण ज्या लाकडाच्या भरवशावर तो जामीन राहिला ते सरकारनेच हातचं जाऊ दिलं होतं.

'तारण सोडल्यास माझी जबाबदारी कमी होणार नाही' या अर्ध्या ओळीवर सही केली की हे संरक्षण तुम्ही स्वतःच्या हाताने देऊन टाकता. असा हक्क आधीच सोडून देता येतो का, यावर मी कोर्टात बाजू मांडलेली आहे. स्पष्ट शब्दांत लिहून दिलं असेल तर न्यायालयं सहसा ते मान्य करतात. म्हणून पुढे बघू असं म्हणू नका, ती ओळ आत्ताच काढून घ्या.

निवृत्त व्यवस्थापक
इथे मी वकीलबाईंच्या बाजूने. तारण सांभाळणं हे संस्थेचंच काम आहे. मात्र मुदतवाढीची सूट काढून घेऊ नका. पूर आला, बाजार बंद पडले, तर भावाला हप्ते पुढे ढकलून हवे असतील. तेव्हा जामीनदाराची सही मिळेना म्हणून ते अडलं तर नुकसान तुमच्याच भावाचं.

मेणवली
बरोबर. 'जामीनदारास लेखी कळवून' एवढे शब्द घालावेत. शिवाय संस्था नुसती गप्प बसली, लगेच दावा केला नाही, तर तेवढ्याने जामीनदार सुटत नाही, हेही लक्षात असू द्या. करार करून दिलेली मुदतवाढ वेगळी आणि नुसती ढिलाई वेगळी.

लेस्टरची मावशी
आमच्याकडे हाच प्रश्न घरभाड्याच्या बाबतीत आला. भाची शिकायला लीड्सला आली. पाच मुलींनी मिळून घर घेतलं, भाडं महिना २,६०० पौंड, तिचा वाटा ५२०. एजंटला इथे राहणारा जामीनदार हवा होता म्हणून मी.

कागद वाचला तर पाचही मुली मिळून आणि प्रत्येकी संपूर्ण भाड्याला जबाबदार, आणि मी तिच्या सगळ्या जबाबदारीला जामीन. म्हणजे ज्या चार मुलींना मी कधी पाहिलं नाही, त्यांचंही वर्षाचं ३१,२०० पौंड भाडं माझ्या नावावर. मी ईमेल लिहिला: माझी जबाबदारी फक्त भाचीच्या वाट्यापुरती, भाडं आणि मोडतोड धरून ७,००० पौंडांपर्यंत, आणि भाडं वाढलं किंवा नवा करार झाला तर माझी नवी सही लागेल. दोन दिवस त्यांनी आढेवेढे घेतले, मग सुधारलेला कागद पाठवला. विचारलं नसतं तर मिळालं नसतं.

तुमच्याकडे दुसरा जामीनदार आहे म्हणालात. त्याच्याशी अर्धं-अर्धं आहे का दोघांवर पूर्ण?

कृष्णाकाठ
@लेस्टरची मावशी, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी धरून चाललो होतो की दोघे आहोत म्हणजे तीन-तीन लाख. दुसरे जामीनदार भावाचे सासरे. ते सही करायला पुढच्या आठवड्यात येणार आहेत. संस्थेचा माणूस म्हणाला, सर तुम्ही तर करून टाका.

मेणवली
अजिबात करून टाकू नका.

संस्थेच्या दृष्टीने दोघांवरही पूर्ण रक्कम असते. ती ज्याच्याकडून सहज निघेल त्याच्याकडून घेणार, आणि दरमहा पगार येणारा शिक्षक समोर असताना ती सासऱ्यांच्या कोरडवाहू जमिनीमागे जाईल असं मला वाटत नाही. अर्धं-अर्धं असतं ते तुम्हा दोघांच्या आपसात. तुम्ही ४ लाख भरले तर त्यांच्याकडून २ लाख मागायचा हक्क तुम्हाला आहे, पण तो तुम्हीच वसूल करायचा, गरज पडली तर दावा लावून. संस्थेने सासऱ्यांना मोकळं केलं तरी तुम्ही मोकळे होत नाही.

आणि सासरे आलेच नाहीत तर? करार कायद्यात यासाठी एक कलम आहे, १४४. दुसरा जामीनदार सामील होईपर्यंत या जामिनावर व्यवहार करायचा नाही, अशी अट घालून जामीन दिला असेल आणि दुसरा आलाच नाही, तर तुमचा जामीनच वैध राहत नाही. पण ती अट होती हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून कागदावर एक ओळ हवी: 'दुसऱ्या जामीनदाराने सही केल्यानंतरच हा जामीन अमलात येईल.' नाहीतर त्यांच्याबरोबर एकाच दिवशी, एकाच टेबलावर सही करा.

भाऊबीज
मला एक विचारायचंय. पगारातून कपातीच्या कागदाबद्दल कुणीच काही बोललं नाही. माझ्या नवऱ्याने असा कागद दिला होता आणि एका महिन्यात पगार आला तो निम्माच. आधी ना फोन ना पत्र. घराचा हप्ता त्याच दिवशी होता, तोही परत गेला.

निवृत्त व्यवस्थापक
त्या कागदात ताकद आहे ताई. सभासदाने असा करार लिहून दिला असेल तर सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे संस्थेने मागणी केली की पगार देणाऱ्याला कपात करून भरावीच लागते. त्यासाठीच जामीनदाराला सभासद करून घेतात. तो अर्ज उगाच जोडलेला नसतो.

मेणवली
आणि कोर्टाच्या जप्तीत पगाराला जी मर्यादा आहे, म्हणजे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित, ती आपणहोऊन लिहून दिलेल्या कपातीला लागू होईलच असं धरून चालू नका. कृष्णाकाठ, ते संमतीपत्र द्यावंच लागलं तर त्यात दरमहाचा कमाल आकडा लिहा आणि 'सलग तीन हप्ते थकल्यावर व ३० दिवसांची लेखी सूचना दिल्यानंतरच' असं घाला. कोरा आकडा आणि कोरी तारीख ठेवून तर मुळीच देऊ नका.

@भाऊबीज, भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती ठेवा. जामीनदाराने योग्य रीतीने भरलेली रक्कम कर्जदाराकडून परत मिळवायचा हक्क कायद्यानेच मिळतो, वेगळा कागद नसला तरी. आणि पूर्ण कर्ज तुम्ही फेडलंत तर संस्थेचे तारणावरचे हक्क तुमच्याकडे येतात.

रोखठोक
एक शंका. उद्या खोटी रक्कम लावून दाखला निघाला तर अपील आहेच ना? मग सहीच्या वेळी इतकं ताणायचं कशाला?

मेणवली
दाखल्याविरुद्ध सहकार कायद्याच्या कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण येणे रकमेच्या ५० टक्के संस्थेत भरल्याशिवाय तो दाखलच करून घेत नाहीत. गणिती यांच्या हिशेबाने ६ लाख ९३ हजारांचा दाखला असेल तर आधी साडेतीन लाखांच्या आसपास भरायचे आणि मग म्हणायचं की मी देणं लागत नाही. शिक्षक कुठून आणणार?

म्हणून दाखल्याआधीची सुनावणी चुकवायची नाही. सहायक निबंधकांची नोटीस येते तेव्हा लोक म्हणतात, मी थोडंच कर्ज घेतलंय, आणि जात नाहीत. तिथे खातेउतारा मागा, व्याजाचा दर मंजुरीपत्राशी ताडून बघा, तारणाचं काय केलं ते लेखी विचारा. एकदा दाखला निघाला की वसुली अधिकारी त्याच्यामागे जात नाही, सरळ जप्ती.

उसाचा मळा
अगदी हेच. मी सुनावणीला गेलो नव्हतो, ऊस तोडणी चालू होती.

गणिती
तारणाबद्दल एक साधी गोष्ट. टेम्पोच्या आरसीवर संस्थेचा बोजा चढला का हे स्वतः बघा. आमच्या ओळखीत कर्ज दिलं, गाडी आली, आरटीओकडे बोजा नोंदवायचा राहून गेला. दीड वर्षाने कर्जदाराने गाडी दुसऱ्या जिल्ह्यात विकून टाकली. कोरी आरसी, घेणाऱ्याला काय कळणार? नंबर पडल्यावर परिवहनच्या ॲपवर गाडीचा तपशील काढला की वित्तपुरवठादाराचं नाव दिसतं. दिसलं नाही तर त्याच दिवशी संस्थेला पत्र द्या.

मेणवली
आणि त्या पत्राची पोच घ्या. दुसऱ्या वाक्यातली ती अर्धी ओळ काढलेली असेल तर अशा प्रकरणात टेम्पोच्या किमतीइतकी सूट मागता येते, आणि ती पोच तेव्हा फार कामाची.

विमा कुणाच्या नावे आहे तेही बघा. अपघातात टेम्पो गेला तर दाव्याचे पैसे आधी कर्जखात्यात यायला हवेत.

कृष्णाकाठ
मंडळी, नऊ दिवसांनी लिहितोय. निवृत्त व्यवस्थापकांनी सांगितलं तसं उपसमितीच्या नावाने एक पानी पत्र दिलं. शाखाधिकारी आधी म्हणाले, सर तुम्हीच असं केलं तर बाकीच्यांनी काय करायचं? पण पत्र घेतलं, पोच दिली. काल ठराव झाला.

मिळालं ते असं. जामीन फक्त या एका कर्जाला, खाते क्रमांकासकट. 'अथवा तारण सोडल्यास' हे शब्द खोडून तिथे अध्यक्ष आणि माझी सही. हप्ता थकला की ३० दिवसांत मला नोंदणीकृत टपालाने कळवायचं. सासरे आणि मी एकाच दिवशी सही करायची. पगार कपातीत दरमहा ७,००० ची मर्यादा.

नाही मिळालं ते म्हणजे आधी टेम्पो विकायची अट. ९० दिवसांचा मधला मार्गही मांडला, तोही मानला नाही. रकमेची मर्यादा मी ३ लाख मागितली होती, ते साडेचार लाखांवर आले, सगळं व्याज-खर्च धरून. मी अजून हो म्हटलेलं नाही.

भावाला समोर बसवून गणिती यांचा हिशेब दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, दादा, जुनी गाडी बघतो, ४ लाखांत भागेल. हे मी मागितलंही नव्हतं.

उसाचा मळा
पोरगा चांगला आहे.

निवृत्त व्यवस्थापक
साडेचार लाख हा आकडा ६ लाखांच्या कर्जासाठी होता. कर्ज ४ लाखांवर आलं तर तीन लाख परत मागा, या वेळी देतील. पण जुनी गाडी म्हणजे तारणाची किंमत लवकर उतरते, मूल्यांकनाचा दाखला स्वतः वाचा. आणि नवं मंजुरीपत्र निघेल, तेव्हा ठरावातल्या अटी त्यात पुन्हा उतरल्या आहेत का ते ओळ न ओळ बघा. जुना ठराव जुन्या कर्जाचा.

कृष्णाकाठ
हे लक्षात आलं नव्हतं. सोमवारी जातो आहे. जुन्या गाडीवर बोजा चढवताना आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा उतरलाय का हे कसं बघायचं, कुणी सांगेल का?

गणिती
त्याच ॲपवर. जुन्या वित्तपुरवठादाराचं नाव अजून दिसत असेल तर त्यांचं ना हरकत पत्र आणि आरटीओत बोजा उतरवल्याची नोंद झाल्याशिवाय भावाला इसारसुद्धा देऊ देऊ नका.